नाव तोंडात बसलं पाहिजे आणि बॅलन्सशीटवरही: सांगलीतल्या एका सीए ऑफिसच्या नावाची गोष्ट

माझं काम पाट्या, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड असल्या गोष्टींचं, आणि नावं सुचवण्याचंही, कारण गिऱ्हाईक पाटी करायला येतं तेव्हा निम्म्या वेळा नावच ठरलेलं नसतं. बेकरी, मोबाईल शॉपी, कृषी सेवा केंद्र, सगळ्यांना नावं दिलीत. पण सीएच्या ऑफिसला नाव देणं हे प्रकरण वेगळं निघालं, म्हणून ते जसं झालं तसं सगळं लिहून काढतोय. जिची गोष्ट आहे तिची खरी ओळख देत नाही, या लेखापुरतं तिला वैशाली विठ्ठल जाधव म्हणू, सासरचं आडनाव मोरे धरू. नावांचाच विषय असल्यामुळे काहीतरी नाव घेतल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

वैशाली माझ्या मित्राची बहीण, मला दादा म्हणते. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात तीसेक वर्षं दिवाणजी होते, हळदीच्या पेठेत त्यांना जाधव अण्णा म्हणून सगळे ओळखायचे. पोरगी सीए झाली, पुण्यात नोकरी केली, मग लग्न होऊन परत सांगलीतच आली आणि 2022 च्या पावसाळ्यात म्हणाली की दादा दसऱ्याला स्वतःचं ऑफिस उघडायचंय, गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर जागा बघितलीय, नाव सुचव.

तिची अडचण तिने पहिल्याच दिवशी नीट सांगितली होती. पेठेतला छोटा दुकानदार, म्हणजे किराणावाला, भुसारवाला, भांडीवाला, हा सीएकडे जातच नाही. तो जातो टॅक्सच्या वकिलाकडे (आपल्याकडे टॅक्सचं काम करणारा कोणीही असो, त्याला वकीलच म्हणतात) नाहीतर जीएसटीचे रिटर्न भरून देणाऱ्या पोराकडे. सीए म्हणजे कारखानेवाल्यांचा, एसी केबिनचा, पाच मिनिटं बोललं तरी बिल लावणारा, अशी समजूत. मग उलाढाल वाढते, रोखीचा धंदा असल्यामुळे टॅक्स ऑडिटच्या हद्दीत येतो, आणि ऑडिटवर सही फक्त सीएची चालते म्हटल्यावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेच वकील त्याला कोणातरी सीएकडे पाठवतात. तिचं म्हणणं असं की हा माणूस माझ्याकडे आधीच, धंदा साठ-सत्तर लाखाचा असतानाच यावा, जिना चढताना त्याला धडधडू नये.

दुसऱ्या बाजूला तिला दोन प्रायव्हेट लिमिटेडची कामं मिळायची शक्यता होती, एक कोल्ड स्टोरेजवाली बेदाण्याची पार्टी, एक कुपवाडच्या एमआयडीसीतली. शिवाय दुकानदाराच्याच कॅश क्रेडिटचं दरवर्षी रिन्यूअल असतं आणि तिथे तिची सही बँकेच्या साहेबापुढे जाते. तिथे नाव पोरकट वाटलं तर पंचाईत.

मला वाटलं सोपं आहे. रात्री बसून यादी केली. व्यापारमित्र, चोख हिशोब, खातेवही, रोजमेळ, जमाखर्च. रोजमेळवर तर मी स्वतःच खूश होतो, म्हणजे बघा ना, यार्डातल्या प्रत्येक माणसाला कळणारा शब्द, त्यात मेळ आहे, रोजचा संबंध आहे, लोगो पण डोक्यात तयार, लाल कापडी बांधणीची वही. सकाळी तिला दाखवलं तर ती हसायला लागली.

म्हणाली, दादा यातलं एकही चालणार नाही.

आणि मग कळलं की हा धंदा बेकरीसारखा नाही. सीएला प्रॅक्टिससाठी नाव घ्यायचं तर ते आधी सीएंच्या इन्स्टिट्यूटकडून म्हणजे आयसीएआयकडून मंजूर करून घ्यावं लागतं. त्यासाठी फॉर्म 117, आणि नाव मिळालं की फर्मची नोंदणी फॉर्म 18 मध्ये, मग फर्मला नोंदणी क्रमांक मिळतो, आपल्या पश्चिम विभागातल्या फर्मच्या क्रमांकामागे डब्ल्यू लागतो. आणि नाव कशातून बनवायचं तर मालकाच्या किंवा भागीदारांच्या नावातून, तेही सदस्यांच्या रजिस्टरमध्ये जसं नोंदलंय तसं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, आद्याक्षरं, यांची काय उलटापालट करायची ती करा, मागे अँड कंपनी किंवा अँड असोसिएट्स लावा, एकटा मालक असला तरी लावता येतं. पण कामाचं वर्णन करणारं, आम्ही चांगले आम्ही चोख असं सुचवणारं नाव नाही, कारण सीएला काम मागत फिरायला आणि जाहिरात करायला 1949 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच मनाई आहे, आणि असलं नाव म्हणजे जन्मभराची जाहिरातच की. शिवाय दुसऱ्या कोणा सीए फर्मचं तेच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं नाव असेल तर तेही मिळत नाही. आम्ही केलं तेव्हाचा हा हिशोब, हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे कोणी आत्ता करत असेल तर अर्ज भरायच्या आधी इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर काय लिहिलंय ते बघून घ्या.

मी जरा नाराजच झालो, खरं सांगतो. मग एक पळवाट पण सुचवली. म्हटलं फर्मचं नाव राहू दे साधं, पण तुझ्या नवऱ्याच्या नावाने खाली एक रोजमेळ टॅक्स कन्सल्टन्सी काढू, पाटी त्याची मोठी, लोक तिथे येतील, ऑडिट असेल तर वर तुझ्याकडे. हे असं खूप जण सुचवतात म्हणे. तिने शांतपणे मोजून दाखवलं की यात काय काय अडकतं. नवरा सीए नाही, त्याच्याबरोबर फी वाटून घेतली तर ते गैरवर्तन. तिला मनाई आहे त्या मार्गाने दुसऱ्याकरवी काम मिळवलं तर ते गैरवर्तन. परवानगीशिवाय ती स्वतः त्या दुसऱ्या धंद्यात असल्याचं दिसलं तर ते तिसरं. आणि तक्रार कोण करणार, तर शेजारच्या गल्लीतलाच दुसरा सीए. मी गप्प बसलो.

तर आता हातात उरलं काय? वैशाली, विठ्ठल, जाधव, आणि दोन शेपट्या. एवढ्या पाच तुकड्यांत दुकानदाराचा जिव्हाळा पण आणायचा आणि बँकेचा विश्वास पण. पहिल्यांदा मला हे अशक्य वाटलं, नंतर लक्षात आलं की तुकडे कमी असल्यामुळेच प्रत्येकाचं वजन नीट बघता येतं.

आम्ही पाच पर्याय काढले आणि एकेक घासून बघितला.

पहिला, जाधव अँड कंपनी. अण्णांच्या नावाची पुण्याई यार्डात होती, त्यामुळे तिच्या आईला हेच हवं होतं. पण जाधव हे आडनाव महाराष्ट्रात किती पसरलंय ते सांगायला नको, नुसतं आडनाव अँड कंपनी हे मोकळं असण्याची शक्यताच नव्हती, शोधून बघितलं तर व्हायचं तेच झालं. आणि दुसरी गंमत मला पेठेत कळली. छोट्या दुकानदाराला कंपनी हा शब्द जड वाटतो. एका भुसारवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "कंपनी म्हंजी आपल्याला परवडायचं न्हाई वो." त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे कंपनी, ती फर्मच्या नावाची जुनी शेपटी आहे हे त्यांना कशाला माहीत असणार.

दुसरा, व्हीव्हीजे अँड असोसिएट्स. हे तिच्या सरांनी सुचवलं, ज्यांच्याकडे तिने सीए होताना आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी केली होती. सरांचं म्हणणं, तीन अक्षरं असली की फर्म मोठी वाटते, माणसाचा चेहरा दिसत नाही, उद्या भागीदार आले तरी चालतं. कागदावर खरंच भारदस्त दिसतं. पण फोनवर म्हणून बघा. मी आणि वैशालीने एक साधी चाचणी केली, पेठेतल्या नऊ जणांना, त्यात दोन हमाल, एक रिक्षावाला, बाकी दुकानातले, नाव एकदाच सांगायचं आणि दहा मिनिटांनी परत येऊन विचारायचं की काय सांगितलं होतं, आणि जमलं तर कागदावर लिहून द्या. व्हीव्हीजेचं बीबीजे झालं, व्हीजे झालं, एकाने डीव्हीजी लिहिलं. इंग्रजी आद्याक्षरांत व्ही, बी, डी, पी, टी ही सगळी एकाच घरची पोरं, गोंगाटात ओळखूच येत नाहीत. आणि ज्या माणसाला नाव सांगता येत नाही तो दुसऱ्याला पाठवणार कसा? सीएला जाहिरात नाही म्हणजे सगळा धंदा एकाने दुसऱ्याला सांगण्यावर, मग तोंडातून तोंडात जाताना तुटणारं नाव घेऊन काय उपयोग.

तिसरा, व्ही. व्ही. जाधव अँड असोसिएट्स. हे मधलं. आडनाव लक्षात राहिलं सगळ्यांच्या, पण पुढचं व्हीव्ही सगळ्यांनी गाळलं, आणि मग उरलं जाधव सीए, जे शहरात आणखी कोणीही असू शकतं. एकाने तर विचारलं, "हे जाधवसाहेब कुठले?" म्हणजे आद्याक्षरं लावली की लोक पुरुषच धरतात. वैशालीला ते टोचलं, बोलली नाही काही, पण मला दिसलं.

चौथा, वैशाली मोरे अँड असोसिएट्स. सासर पेठेतलंच, गल्लीत तिला मोरे वहिनी म्हणतात, तर हे नाव आयतं ओळखीचं. पण रजिस्टरमध्ये तिची नोंद माहेरच्या नावाने. मोरे वापरायचं तर आधी इन्स्टिट्यूटकडे नावबदल, त्याला लग्नाचा दाखला वगैरे कागद, मग पॅन, डिजिटल सही, बँक सगळीकडे तेच. होण्यासारखं आहे, अनेकजणी करतात. पण पुण्यातले जुने क्लायंट, बरोबरच्या बॅचचे लोक तिला जाधव म्हणूनच शोधणार, आणि यार्डात अण्णांची ओळख जाधव. तिने नको म्हटलं. सासरी यावर दोन दिवस जरा वातावरण होतं, ते इथे सांगत बसत नाही.

पाचवा, वैशाली जाधव अँड असोसिएट्स. नऊपैकी नऊ जणांनी पहिले दोन शब्द बरोबर सांगितले. असोसिएट्सचं मात्र कोणालाच लिहिता आलं नाही, आणि तेच आमच्या फायद्याचं ठरलं, ते पुढे सांगतो.

यावर सरांनी हरकत घेतली. म्हणाले पहिलं नाव पुढे लावलं की ब्यूटी पार्लर वाटतं, नाहीतर बुटिक. (पुण्याचा माणूस असेल तर त्याला वैशाली हॉटेलचा डोसा आठवेल, हे माझं.) मला राग आला, पण वैशालीने तो मुद्दा टाकून दिला नाही, म्हणाली सर म्हणतात तसं बँकेत कोणाला वाटतं का ते बघू. मग आम्ही एक नमुना कागद बनवला. ऑडिट रिपोर्टच्या शेवटी जसं येतं तसं, वर फॉर अमुक अँड असोसिएट्स, खाली चार्टर्ड अकाउंटंट्स, मग फर्म नोंदणी क्रमांकाची जागा, सहीची जागा, नाव, प्रोप्रायटर, सदस्य क्रमांक, यूडीआयएन, ठिकाण, तारीख. आकडे सगळे शून्यं घातलेले, मथळ्यावर नमुना लिहिलेलं. व्हीव्हीजेचा एक आणि वैशाली जाधवचा एक, असे दोन कागद तिने ओळखीतल्या एका बँकेच्या कर्ज विभागातल्या साहेबांना दाखवले आणि विचारलं कुठला पक्का वाटतो.

ते म्हणाले मॅडम, मी नाव बघतच नाही. मी आधी खाली बघतो, सदस्य क्रमांक आहे का, फर्मचा क्रमांक आहे का, यूडीआयएन आहे का, तो udin.icai.org वर टाकून बघतो, निघाला की पुढे. अठरा अंकी-अक्षरी नंबर असतो तो, प्रत्येक सर्टिफिकेटला आणि ऑडिटला वेगळा, 2019 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आधी म्हणे खोट्या सह्यांची सर्टिफिकेटं यायची आणि तेव्हा लेटरहेडच्या भारदस्तपणावर विश्वास ठेवावा लागायचा. आता तसं राहिलं नाही. मग जाता जाता ते एवढंच म्हणाले की अँड असोसिएट्स असलेलं बरं वाटतं, नुसत्या व्यक्तीच्या नावापेक्षा, वरच्या ऑफिसला फाईल पाठवताना.

माझ्यासाठी सगळं प्रकरण इथे फिरलं. आम्ही समजत होतो की एकच नाव दोन लोकांना खूश करणार आहे आणि म्हणून ते अर्धं गोड अर्धं कडक हवं. पण ते दोघं नावाचा एकच तुकडा वापरतच नाहीत. दुकानदार पुढचे दोन शब्द तोंडाने वापरतो आणि मागची शेपटी टाकून देतो. बँक आणि कंपनीचा संचालक कागदावर पूर्ण नाव बघतात, शेपटीसकट, आणि खरा भरवसा त्याखालच्या नंबरांवर ठेवतात. मग शेपटी दुकानदाराला उच्चारता येत नाही याची काळजीच करायची नाही, ती त्याच्यासाठी नाहीच. काळजी फक्त एवढी की तो जो तुकडा उचलणार तो पुढे असावा, एका दमात म्हणता यावा, आणि तेवढ्यावरून ती सापडावी. आणि अँड कंपनीपेक्षा असोसिएट्स का, तर कंपनी हा शब्द त्याला कळतो आणि भिववतो, असोसिएट्स कळतच नाही त्यामुळे भीतीही नाही.

अर्ज भरला. पसंतीक्रमाने पर्याय द्यायचे होते, आणि पहिला पर्याय मिळतंजुळतं नाव आधीच आहे म्हणून मिळाला नाही. नशीब, दुसऱ्या क्रमांकावर वैशाली व्ही. जाधव अँड असोसिएट्स दिलं होतं, ते मंजूर झालं. मधला तो एक व्ही. बघून मला आधी वाईट वाटलं, पाटीवर खड्यासारखा दिसेल म्हणून. पण आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असणं इतकं सवयीचं आहे की लोक ते डोळ्यानेच गाळतात. बोलताना वैशाली जाधव, कागदावर वेगळेपण टिकलेलं.

आता पाटी. हा माझा प्रांत, आणि इथेही मी दोनदा तोंडावर पडलो.

पहिल्यांदा मी ॲक्रिलिकची, मागून लाईट असलेली, सहा फुटी पाटी काढली, जिन्यापाशी लांबूनच दिसेल अशी. ती म्हणाली नाही. व्यापारी लावतात तशा मोठ्या, चमकणाऱ्या पाट्या सीएला चालत नाहीत असं त्यांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. खाली जीएसटी, इन्कम टॅक्स, प्रोजेक्ट रिपोर्ट अशी कामांची यादी टाकायची होती, तीही तिने काढायला लावली. नाव, चार्टर्ड अकाउंटंट्स, बस्स.

दुसऱ्यांदा मराठीवरून. त्याच वर्षी दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात बदल होऊन मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत हे सगळ्यांनाच लागू झालं होतं, आणि आम्हाला तसंही मराठीच वर हवं होतं. तर मी उत्साहाने चार्टर्ड अकाउंटंटच्या जागी सनदी लेखापाल लिहिलं, शुद्ध, रुबाबदार. पाटीचा कागदी नमुना दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवला होता. खालच्या दुकानातले शेठ वाचून वर आले आणि वैशालीला म्हणाले, "ताई, गव्हर्मेंटचं हापिस आलंय का हितं? सनदी म्हंजी कलेक्टरचं ना?" सनदी अधिकारी हा शब्द पेपरात रोज आयएएससाठी येतो, त्यामुळे सनदी वाचलं की माणूस जिन्याखालीच थांबणार. टॅक्सशी संबंधित पाटी आणि त्यावर सरकारी वाटणारा शब्द, याहून वाईट जोडी नाही. मग सरळ चार्टर्ड अकाउंटंट्स असंच देवनागरीत लिहिलं. अँड असोसिएट्सचे आणि सहकारी, आणि मंडळी असले अनुवाद पण टाळले, कारण मंजूर झालेलं नाव उच्चाराप्रमाणे लिहिणं वेगळं आणि त्याचं भाषांतर करून नवीन नाव तयार करणं वेगळं.

शेवटी तीन फूट बाय दोन फूट, फिक्या पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं, वर मराठी, खाली तितकीच मोठी नाही अशी इंग्रजी. वैशाली व्ही. जाधव एका ओळीत, अँड असोसिएट्स खालच्या ओळीत, थोडं लहान. माझ्या आयुष्यातली सगळ्यात साधी पाटी. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी डोळ्याच्या उंचीवर लावली, कारण वर लावून चमकवता येत नाही तर निदान चढणाऱ्याला दिसावी.

नाव पाटीवर संपत नाही हे मला नंतर कळलं. बँकेत फर्मच्या नावाने चालू खातं उघडलं तर तिथल्या क्लार्कने अँडचं चिन्ह न टाकता इंग्रजी तीन अक्षरी शब्द टाकला, इन्स्टिट्यूटच्या पत्रात चिन्ह आहे, बिलावर चिन्ह आहे. फरक क्षुल्लक, पण एमआयडीसीतल्या कंपनीच्या अकाउंटंटने व्हेंडर म्हणून नोंद करताना नाव जुळत नाही म्हणून पेमेंट अडकवलं, मग पत्र, मग दुरुस्ती, आठ-दहा दिवस गेले. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की मंजूर नाव एका फाईलमध्ये टाईप करून ठेवा, टिंबासकट, आणि सगळीकडे तेच चिकटवा, परत टाईप करू नका. आणि हे दुकानदारालाही लागतं बरं का. तो फी भरताना क्यूआर स्कॅन करतो, स्क्रीनवर नाव येतं, तो थांबून वाचतो आणि पाटीकडे बघतो. पाटीवर एक आणि फोनवर भलतंच असेल तर पैसे पाठवायला तो घाबरतो, हल्ली फसवणुकीच्या गोष्टी रोज ऐकतो तो. पाटीवरचं आणि फोनवरचं पहिलं शब्दरूप एकच आलं की तो निश्चिंत होतो.

दसऱ्याला उद्घाटन झालं. निमंत्रणावर फर्मचं नाव चालतं पण ते क्लायंट, नातेवाईक, मित्र एवढ्यांनाच पाठवायचं, म्हणून यार्डभर वाटायला मी छापलेले दोनशे जादाचे कार्ड माझ्याकडेच पडून राहिले. तिच्या भाच्याने सांगलीतल्या नंबर एक सीए असं काहीतरी ग्राफिक बनवून स्टेटसला ठेवलं होतं, ते अर्ध्या तासात उतरवायला लावलं. गल्लीतल्या मंडळाने शुभेच्छुक म्हणून बॅनरवर फर्मचं नाव मागितलं होतं, तिने वर्गणी दिली पण नाव नको म्हणून सांगितलं, त्यावर मंडळाची पोरं बुचकळ्यात, कारण वर्गणी देऊन नाव नको म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

नाव चाललं की नाही हे कसं ओळखायचं? मी वैशालीला एकच गोष्ट बघायला सांगितली होती, की नवीन माणूस फोन करतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत "अण्णांच्या पोरीचं ऑफिस का?" असंच जास्त यायचं, म्हणजे नाव काम करत नव्हतं, अण्णांची पुण्याई काम करत होती. साधारण पुढच्या मार्चपर्यंत "वैशाली जाधव मॅडम का? अमक्यांनी नंबर दिला" असं यायला लागलं. हा फरक महत्त्वाचा, कारण पहिला फोन अण्णांना ओळखणाऱ्याचा असतो आणि दुसरा तिच्या क्लायंटने पाठवलेल्याचा. आणि एक गोष्ट आम्ही ठरवली नव्हती ती झाली, घरातून पापड-मसाल्याचा, शिवणाचा धंदा करणाऱ्या बायका यायला लागल्या, पाटीवर बाईचं पूर्ण नाव वाचून. आद्याक्षरं लावली असती तर त्या आल्या नसत्या, असं त्यांच्यातल्याच एकीने तिला सांगितलं.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी फर्मचा क्रमांक घेतला, अशी कामं आधी किती केलीत विचारलं, आणि फीवर तासभर घासाघीस केली.

सरांची एक हरकत मात्र उभी आहे. पहिल्या नावाच्या फर्ममध्ये उद्या भागीदार यायला तयार होईल का? यंदा तिच्याकडे काम इतकं वाढलंय की एक बॅचमेट भागीदारीत यायचं म्हणतेय, आणि तिचा पहिला प्रश्न हाच होता की मग पाटीवर माझं काय. नाव बदलायचं तर परत मंजुरी, परत फॉर्म 18, बँक, जीएसटी, लेटरहेड सगळं, आणि पेठेत तर नाव आत्ता कुठे रुळलंय. परवा वैशाली मला विचारत होती की दोघींची आडनावं घेऊन काही जुळतं का बघ. मी कागद घेऊन बसलोय, पण ते दुसरं आडनाव पाच अक्षरी जोडाक्षरवालं आहे, आणि खालच्या शेठना म्हणून दाखवलं तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की वैशालीताईच."